औषध परत मागवले जाते तेव्हा : नोटीस कशी वाचावी, बॅच नंबर कसा जुळवावा

‘अमुक कंपनीने औषध परत मागवले’ अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते. कधी ती खोकल्याच्या औषधाची असते, कधी दम्याच्या पंपाची, कधी रक्तदाबाच्या गोळीची. बातमी चार ओळींची असते आणि त्यात कंपनीचे नाव ठळक छापलेले असते. ती वाचून काही लोक घरातली त्या कंपनीची सगळी औषधे फेकून देतात. बाकीचे ‘आपल्याला काय झालंय’ म्हणून पान उलटतात. या दोन्ही वागण्यांत धोका आहे. पहिल्यात चांगले औषध हातचे जाते आणि दुसऱ्यात वाईट औषध घरात राहते.

याबाबत वाचकांकडून बरेच दिवस विचारणा होत आहे, म्हणून आजच्या लेखात कंपनीची अशी नोटीस कशी वाचायची आणि आपल्या हातातली बाटली, पंप किंवा पाकीट त्यात येते की नाही हे कसे ठरवायचे, ते पाहू. नोटिशीत दोन गोष्टी शोधायच्या असतात. एक म्हणजे नंबर आणि दुसरी म्हणजे कारण. आपले औषध त्यात आहे का, हे नंबर सांगतो. असेल तर नवे मिळेपर्यंत काय करायचे, हे कारण सांगते.

बॅच म्हणजे काय?

घरी आपण लाडू वळतो तेव्हा एका वेळी एक घाणा करतो. एका घाण्यातले सगळे लाडू एकाच रव्याचे, एकाच पाकाचे असतात. पाक बिघडला तर त्या घाण्यातले सगळेच लाडू कडक होतात, पण आधीच्या घाण्याला काही होत नाही. औषधाच्या कारखान्यातही असेच असते. एका वेळी, एकाच कच्च्या मालातून, एकाच ओघात तयार झालेल्या मालाला ‘बॅच’ किंवा ‘लॉट’ म्हणतात. तिला एक नंबर दिलेला असतो आणि तो प्रत्येक बाटलीवर, पाकिटावर छापावा लागतो. पुढे काही दोष निघाला तर तो कोणत्या घाण्यातला आहे हे या नंबरावरून कळते, आणि तेवढाच माल मागे घेता येतो.

म्हणून परत मागवण्याची नोटीस सहसा संपूर्ण औषधाविरुद्ध नसते. ती ठरावीक नंबरांविरुद्ध असते. बातमीत मात्र नेमका नंबरच बहुधा गाळलेला असतो.

एक खरी नोटीस

उदाहरणासाठी एक खरी नोटीस घेऊ. जुलै २०२३ मध्ये सिप्ला कंपनीच्या अमेरिकेतील शाखेने दम्याच्या एका पंपाच्या सहा बॅचेस परत मागवल्या. हा पंप अल्ब्युटेरॉल या औषधाचा होता. आपल्याकडे ज्याला सालब्युटामॉल म्हणतात तेच औषध अमेरिकेत अल्ब्युटेरॉल या नावाने ओळखले जाते. दम लागला की श्वासनलिका लगेच मोकळ्या करण्यासाठी ते घेतात. हे पंप इंदूरजवळच्या कारखान्यात बनले होते, पण विक्रीसाठी अमेरिकेत गेले होते. त्यांची निर्मिती नोव्हेंबर २०२१ ची आणि मुदत नोव्हेंबर २०२३ पर्यंतची होती. ती मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे आज घाबरण्याचे कारण नाही. नोटीस वाचायला शिकण्यासाठी मात्र हे उदाहरण फार चांगले आहे.

त्या वेळी ही बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आली. दोन दिवसांनी माझ्या दवाखान्यात जवळच्या खेड्यातल्या एका आजींना रात्री दम लागलेल्या अवस्थेत आणले. नेब्युलायझर देऊन त्यांना बरे वाटल्यावर मी मुलाला विचारले, ‘आजींचा पंप कुठे आहे?’ तो म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, बातमीत कंपनीचं नाव आलं होतं आणि पंपावर पण तेच नाव. मग घरात ठेवायचा कसा? दोन्ही पंप उकिरड्यावर टाकले.’

आजींचा पंप आपल्याकडे मिळणारा अस्थालिन होता. कंपनी तीच, औषधही तेच, पण नोटिशीत त्याचा समावेश नव्हता. नोटीस फक्त अमेरिकेसाठी बनवलेल्या, ९० मायक्रोग्रॅम असे लिहिलेल्या पंपांबद्दल होती. मुलाने कंपनीचे नाव जुळवले होते. जुळवायचा होता तो नंबर.

त्या नोटिशीतले सहा नंबर असे होते : IB20045, IB20055, IB20056, IB20057, IB20059 आणि IB20072.

नंबर जुळवताना

समजा, त्या काळात तुमच्या अमेरिकेतल्या मुलाने येताना असा एक पंप आणला होता. तो तपासायचा कसा?

प्रथम नाव पाहायचे. कंपनीचे नाव, औषधाचे नाव आणि किती मायक्रोग्रॅम, ही तिन्ही नोटिशीशी जुळली पाहिजेत. एक जरी वेगळे असले तरी ती नोटीस तुमच्या पंपासाठी नाही.

नंतर नंबर शोधायचा. पंपाचे दोन भाग असतात. बाहेरचे प्लास्टिकचे कवच, ज्यातून आपण तोंडाने ओढतो, आणि त्याच्या आत बसवलेली धातूची लहान डबी. औषध डबीत असते. बॅच नंबर खोक्यावर आणि सहसा या धातूच्या डबीवर छापलेला असतो. प्लास्टिकच्या कवचावर भरवसा ठेवू नये, कारण पुष्कळ घरांत कवच धुतात आणि घरात दोन पंप असले की एकाचे कवच दुसऱ्याला लागते. खोक्याचेही तसेच आहे. जुना पंप नव्या खोक्यात ठेवलेला मी कितीदा पाहिला आहे. म्हणून डबी हलकेच बाहेर काढून तिच्यावरचाच नंबर वाचावा आणि मग ती पुन्हा नीट बसवावी.

आपल्याकडील पाकिटांवर छापलेल्या आकड्यांत बरीच गर्दी असते. बॅच नंबर, निर्मितीचा महिना, मुदतीचा महिना, किंमत आणि कारखान्याचा परवाना क्रमांक हे सगळे जवळजवळ असतात. परवाना क्रमांक हा कारखान्याचा असतो. तो त्या कारखान्याच्या पुष्कळ औषधांवर तोच असू शकतो. लोक अनेकदा तोच बॅच नंबर समजून जुळवत बसतात. बॅच नंबर सहसा निर्मिती आणि मुदतीच्या तारखांच्या लगतच, त्याच शाईत ठोकलेला असतो. तारखा सापडल्या की नंबर सापडतो.

आता जुळवणी. समजा, डबीवर IB20056 असे आहे. हा नंबर यादीत आहे, म्हणजे हा पंप परत मागवलेला आहे. समजा, IB20058 असे आहे. पुष्कळजण म्हणतील, ५७ आहे आणि ५९ आहे, मग ५८ ही त्यातच आला. पण यादी नीट पाहा. त्यात ५८ नाही. ही यादी ‘इथपासून तिथपर्यंत’ अशी नाही, सुटे सहा नंबर आहेत. मधले नंबर दुसऱ्या मालाला दिलेले असू शकतात. काही नोटिशींत मात्र ‘अमुक ते अमुक’ अशी सलग मर्यादा दिलेली असते, तेव्हा मधले सगळे नंबर धरायचे असतात. नोटीस यांपैकी कोणत्या प्रकारची आहे ते आधी पाहावे.

नंबर अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. इंग्रजी आय हे अक्षर आणि एकचा आकडा, तसेच ओ हे अक्षर आणि शून्य, यांची गल्लत फार होते. चाळीशी लागलेल्यांनी बारीक छपाई डोळ्यांनी वाचण्याचा हट्ट धरू नये. मोबाईलने फोटो काढून तो मोठा करून पाहावा. तोच फोटो दुकानदाराला दाखवायलाही उपयोगी पडतो.

शेवटी मुदतीची तारीख नोटिशीशी ताडून पाहावी. नंबर जुळतो पण तारीख जुळत नाही असे झाले, तर आपण नंबर चुकीचा वाचला असण्याची शक्यता असते. तारीख जुळते पण नंबर जुळत नाही, तर तो पंप नोटिशीत नाही. नुसती तारीख जुळणे पुरेसे नाही.

कारण काय दिले आहे?

नंबर जुळला, आता कारण वाचू. या नोटिशीत म्हटले होते की IB20056 या बॅचमधल्या एका पंपाबद्दल तक्रार आली आणि त्याच्या व्हॉल्व्हमधून गळती होत असल्याचे दिसले. एका पंपाची तक्रार आणि सहा बॅचेस मागे, हे काहींना अतिरेकी वाटेल. पण व्हॉल्व्ह हा सुटा भाग असतो. तसाच भाग शेजारच्या बॅचेसमध्येही वापरलेला असू शकतो, म्हणून संशय पुसून टाकण्यासाठी अशी खबरदारी घेतात. तोपर्यंत कुणाला त्रास झाल्याची तक्रार कंपनीकडे नव्हती.

गळतीने काय होते ते समजून घ्यायला हवे. डबीत औषधाबरोबर दाबाखाली भरलेला वायू असतो. डबी एकदा दाबली की व्हॉल्व्ह मोजून एका फवाऱ्याइतकेच औषध सोडतो आणि वायू ते बाहेर ढकलतो. व्हॉल्व्ह गळू लागला तर वायू हळूहळू निघून जातो. मग पंप दाबला तरी पूर्ण फवारा येत नाही, औषध कमी पडते किंवा पडतच नाही. दम्याचा झटका आलेल्या माणसाच्या जिवाला यातून धोका होऊ शकतो.

आणि हा दोष घरी ओळखता येत नाही. ज्या पंपांवर आकडा उतरत जाणारा मापक असतो, तो आपण किती वेळा दाबले एवढेच मोजतो. वायू किती उरला हे तो सांगत नाही. हलवून आवाज ऐकणेही फसवे असते. डबी पाण्यात टाकून ती तरंगते की बुडते हे पाहण्याची एक जुनी रीत होती. ती भरवशाची नाही आणि पाण्याने व्हॉल्व्हचे तोंड बंद होऊ शकते, म्हणून करू नये. ‘माझा पंप तर चांगला चालतो’ या समजुतीवर नोटीस बाजूला सारू नये ती यामुळेच. आज चालणारा पंप गळका असेल तर पंधरा दिवसांनी चालणार नाही, आणि ते कळेल नेमके झटका आल्यावर.

परत मागवले कुठपर्यंत?

प्रत्येक नोटिशीत माल कुठपर्यंत परत मागवला आहे हे लिहिलेले असते. कधी तो घाऊक व्यापाऱ्यापर्यंत असतो, कधी औषधाच्या दुकानापर्यंत, तर कधी थेट ग्राहकाच्या घरापर्यंत. सिप्लाची ही नोटीस ग्राहकापर्यंतची होती, म्हणजे घरी आणलेला पंपही परत द्यायचा होता.

याच्या उलट उदाहरण २०१७ चे आहे. ग्लॅक्सो कंपनीने अमेरिकेत व्हेंटोलिन या पंपाचे जवळजवळ ५ लाख ९० हजार नग परत मागवले. औषध तेच, सालब्युटामॉल. तक्रारही गळतीचीच होती. पण ती मागणी रुग्णालये, औषध दुकाने आणि घाऊक व्यापारी यांच्यापुरती होती. रुग्णांना घरचे पंप परत करायला सांगितले नव्हते. तेव्हा एकाच प्रकारच्या दोषासाठीही मागणी किती खोल न्यायची हे दोषाचे प्रमाण आणि धोका पाहून ठरते. नोटीस दुकानापर्यंतचीच असेल तर घरच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे, पण घाईने ते फेकू नये.

काही नोटिशींवर वर्ग पहिला, दुसरा किंवा तिसरा असेही लिहिलेले असते. पहिल्या वर्गात जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका असतो. दुसऱ्यात तात्पुरता, बरा होणारा त्रास संभवतो. तिसऱ्यात, उदाहरणार्थ वेष्टनावरच्या छपाईच्या चुकीत, त्रास होण्याची शक्यता जवळजवळ नसते. आपल्या केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच तीन वर्ग आहेत.

नवे औषध मिळेपर्यंत काय?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कारण ‘औषध कमी पडणे’ हे असेल, तर रुग्णाला बिनऔषधाचे ठेवणे हाच मोठा धोका आहे. दम्याच्या रुग्णाने आधी नवा पंप आणावा आणि मग जुना परत द्यावा. दोन्ही कामे त्याच दिवशी व्हावीत. मध्यरात्री झटका आला आणि हाताशी तोच संशयित पंप असेल, तर तो वापरावा. त्यातून निघाले तेवढे औषध चांगलेच असते. मात्र दोन-चार फवाऱ्यांनी आराम पडला नाही तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. रक्तदाब, साखर किंवा फिट्स यांच्या गोळ्यांचेही असेच आहे. त्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत. आधी डॉक्टरांकडून दुसऱ्या बॅचची किंवा दुसऱ्या कंपनीची गोळी लिहून घ्यावी.

कारण ‘औषधात विषारी किंवा दूषित पदार्थ आहे’ असे असेल, तर मात्र नियम उलटा. तेव्हा एक चमचाही द्यायचा नाही, दुसरे औषध मिळो न मिळो. याचे उदाहरण आपल्या शेजारीच घडले आहे.

कोल्ड्रिफची गोष्ट

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे पातळ औषध घेतलेल्या लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. कित्येक मुले उपचारासाठी नागपूरला आणली गेली आणि अनेक मुले दगावली. औषधाचे नाव कोल्ड्रिफ. ते तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यातल्या स्रेसन फार्मास्युटिकल या कारखान्यात बनले होते. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याने तपासलेल्या नमुन्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघाले. हा पदार्थ औषधात अशुद्धी म्हणूनही ०.१ टक्क्याहून जास्त चालत नाही.

त्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने सूचना काढली. तिच्यात बॅच SR-13, निर्मिती मे २०२५, मुदत एप्रिल २०२७ असा तपशील होता आणि ते औषध वापरू नये, विकू नये असे म्हटले होते.

आता इथे बॅचचा नियम जसाच्या तसा लावता येईल का? समजा, एखाद्या घरातल्या बाटलीवर वेगळा नंबर असता, तर ती मुलाला द्यायला हरकत नव्हती का? हरकत होती. याचे कारण समजून घ्या. कंपनी स्वतः नोटीस काढते तेव्हा तिने आपल्या नोंदी तपासून दोष कोणत्या बॅचेसमध्ये असू शकतो हे ठरवलेले असते. त्यामुळे यादीबाहेरचा माल सहसा सुरक्षित समजता येतो. सरकारी खाते सावधगिरीची सूचना काढते तेव्हा त्यात तपासलेल्या नमुन्याचा नंबर असतो. बाकीच्या बॅचेस चांगल्या आहेत असा त्याचा अर्थ नसतो, त्या अजून तपासलेल्या नाहीत एवढाच असतो. साधी त्रुटी असेल, जसे की गोळी पाण्यात उशिरा विरघळते, तर ती त्या बॅचपुरती धरणे ठीक आहे. पण दोष विषाचा असेल, तर त्या कारखान्याच्या त्या औषधाच्या सगळ्याच बाटल्या संशयित धराव्यात. कोल्ड्रिफबाबत तेच झाले. मध्य प्रदेश आणि तामिळनाडूने औषधाची विक्रीच बंद केली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कारखान्याचा परवाना रद्द झाला.

अशा औषधाचा एखादा जरी चमचा मुलाला गेला असेल तर त्याच्या लघवीकडे लक्ष ठेवावे. लघवी कमी होणे किंवा बंद होणे, उलट्या, सुस्ती यांपैकी काहीही दिसले तर त्याच तासाला मूल मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि बाटली बरोबर न्यावी. बाटली नालीत ओतू नये. नंबर असलेली बाटली हाच पुरावा असतो आणि डॉक्टरांनाही तिचाच उपयोग होतो.

नंबरच नसेल तर?

आपल्याकडची खरी अडचण ही आहे. गोळ्यांच्या पाकिटावर नंबर एका टोकाला छापलेला असतो. आपण चार गोळ्या मागतो, दुकानदार कात्रीने कापून देतो आणि नंबराचा तुकडा दुकानात राहतो किंवा आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाबरोबर गेलेला असतो. पंपाचे आणि डोळ्यांच्या थेंबांचे खोके आपण घरी येताच टाकून देतो. पातळ औषधाच्या बाटलीवरचे लेबल चिकट हातांनी पुसले जाते.

यावर उपाय बिलाचा. औषधाच्या पक्क्या बिलात प्रत्येक औषधापुढे बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. म्हणून चार गोळ्या घेतल्या तरी बिल मागावे आणि औषध संपेपर्यंत ते त्याच पिशवीत ठेवावे. सुट्या गोळ्या घेताना नंबर आणि तारीख असलेल्या टोकाचा भाग मागावा. तो नसेल तर नंबराचा फोटो दुकानातच काढून घ्यावा. १ ऑगस्ट २०२३ पासून देशात जास्त खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर चौकोनी क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले आहे. मोबाईलने तो वाचला की औषधाचे नाव, कंपनी, बॅच नंबर आणि मुदत दिसते. पुसट छपाईवर हा चांगला उतारा आहे.

बिलही नाही आणि नंबरही नाही, अशा वेळी औषध घेतले त्या दुकानात जावे. कोणत्या तारखेला कोणती बॅच विकली याची नोंद दुकानदाराकडे असते. तिथेही उलगडा झाला नाही आणि नोटीस गंभीर असेल, तर ते औषध यादीतले आहे असे समजूनच वागावे. दहा-वीस रुपयांच्या गोळ्यांसाठी शंका बाळगू नये.

परत देताना आणि तक्रार करताना

नंबर जुळला तर औषध दुकानात परत द्यावे, कचऱ्यात टाकू नये. कचऱ्यातून ते पुन्हा कुणाच्या हाती पडू शकते. दम्याचा पंप तर जाळू किंवा फोडू नये, दाबाखालच्या डबीचा स्फोट होतो. देण्यापूर्वी नंबराचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवावा. दुकानदाराने नकार दिला, किंवा परत मागवलेला माल अजून फळीवर विकायला दिसला, तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात कळवावे. राज्याचा विनाशुल्क क्रमांक १८०० २२२ ३६५ हा आहे. औषधाने प्रत्यक्ष त्रास झाला असेल तर त्याची नोंद राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाच्या १८०० १८० ३०२४ या क्रमांकावर कोणीही नागरिक देऊ शकतो. त्यासाठी डॉक्टरच असायला हवे असे नाही, मात्र बॅच नंबर जवळ असावा.

केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणा तपासणीत कमी प्रतीच्या ठरलेल्या औषधांची यादी दर महिन्याला बॅच नंबरासह cdsco.gov.in या संकेतस्थळावर देते. घरात इंटरनेट जाणणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर आई-वडिलांच्या रोजच्या गोळ्यांचे नंबर त्या यादीशी ताडून पाहण्याचे काम त्यांना द्यावे. आणि यापुढे मोबाईलवर ‘हे औषध घेऊ नका’ असा निरोप आला, की पाठवणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा : ‘बॅच नंबर कोणता?’ नंबर नसेल तर तो निरोप पुढे पाठवू नये आणि त्यावरून घरातले औषधही टाकू नये.